ब्लँकेट पीओ: दर वर्षाचा, माल महिन्याचा, आणि मधला साठा कुणाचा?

ब्लँकेट पीओ म्हणजे एकाच वस्तूची वर्षभराची एक मोठी ऑर्डर. त्यात एकूण नग, दर आणि मुदत ठरलेली असते, पण माल एकदम येत नाही. लागेल तसा तो 'रिलीज' करून मागवायचा. कुणी याला ओपन ऑर्डर म्हणतात, कुणी वार्षिक ऑर्डर आणि शेड्युल. विकत घेणाऱ्याला मोठ्या ऑर्डरचा दर मिळतो आणि पैसे मात्र आलेल्या मालापुरतेच द्यावे लागतात. सप्लायरला वर्षभराचं काम दिसतं. बोलणी बहुतेक दरावरच होतात, हात मिळवले जातात, आणि सहा महिन्यांनी भांडण होतं ते दरावरून नाही, तर बनवून ठेवलेल्या पण कुणी न उचललेल्या मालावरून.

हा माल मुळात बनतोच का, हे कळण्यासाठी कमी झालेला दर कुठून आला ते पाहावं लागतं.

समजा, एक छोटा कारखाना एक यंत्र जुळवतो आणि त्याला महिन्याला १,००० स्टीलचे बुश लागतात. बुश बाहेरून, सीएनसी लेथवाल्याकडून घेतले जातात. एक बुश कापायला ३ मिनिटं लागतात. मशीनवर हे काम लावायला, म्हणजे जॉ बदलणं, टूल बसवणं, ऑफसेट घेणं, पहिला नग तपासून मंजूर करणं, या सगळ्या सेटिंगला ६ तास. आता हिशेब पैशात न करता मिनिटांत करू, म्हणजे तो कुठल्याही शॉपला लावता येईल.

दर वेळी २५० नगांची सुटी ऑर्डर दिली तर सेटिंगची ३६० मिनिटं २५० नगांवर पडतात, नगामागे १.४४ मिनिटं. कापायची ३ धरून एकूण ४.४४. हजाराच्या लॉटमध्ये, म्हणजे एका सेटिंगवर हजार नग कापले तर, हाच आकडा ३.३६ होतो. तीन हजारांच्या लॉटमध्ये ३.१२. आणि सहा हजारांचा लॉट लावला तर ३.०६.

या आकड्यांत दराची सगळी गोष्ट आली. २५० वरून १,००० वर जाताना नगामागे मिनिटाहून जास्त वाचतं. हजारावरून तीन हजारांवर जाताना पाव मिनिटाच्या आसपास, म्हणजे मशीनच्या वेळेत सुमारे ७ टक्के. त्यापुढे लॉट दुप्पट केला तरी जेमतेम ०.०६ मिनिट. म्हणजे या बुशसाठी तीन हजारांचा लॉट झाला की सेटिंगमधून काढण्यासारखं फारसं काही उरत नाही. '१२,००० चा पीओ देतो, दर अजून पाडा' असं म्हणणाऱ्याला सप्लायर जे कमी करून देतो ते मग ज्या स्टीलच्या बारमधून बुश कापतात त्याच्या एकत्र खरेदीतून येतं किंवा त्याच्या नफ्यातून. नफ्यातून आलेली सूट तो नंतर कुठून तरी भरून काढतोच, बहुधा तुमचा माल मागे ठेवून दुसऱ्याचं काम आधी लावून.

एक सावधगिरी घ्या. ७ टक्के हे मशीनच्या वेळेचे आहेत, दराचे नव्हेत. नगामागे लागणारा बार लॉट मोठा केल्याने घटत नाही. दरात मशीनचा वाटा निम्मा असेल तर दरात फरक पडेल साडेतीन टक्क्यांचा. एवढ्यासाठी वर्षभर बांधून घ्यायचं का, हा प्रश्न इथेच विचारून घ्यावा.

आता मुद्दा असा की, तुम्ही महिन्याला १,००० उचलणार, पण दर मिळाला आहे तीन हजारांच्या लॉटचा. म्हणजे सप्लायर एकदा मशीन लावून ३,००० बुश कापणार, त्यातले १,००० पाठवणार आणि बाकीचे रॅकवर ठेवणार. पहिला महिना २,००० पडून, दुसरा महिना १,०००, तिसरा महिना रिकामा. सरासरीने हजार नग, म्हणजे तुमची एका महिन्याची गरज, कायम त्याच्या पैशाने त्याच्या रॅकवर बसलेली असते. तुमच्या स्वस्त दराची किंमत ती हीच. आणि मागणी घटली, ड्रॉइंग बदललं किंवा ऑर्डर थांबली, तर ते नग कुणाचे, याचं उत्तर पीओत लिहिलेलं नसेल तर दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात.

म्हणून पीओवर वर्षाचा आकडा टाकताना त्या आकड्याचा अर्थही टाकावा. '१२,००० नग' हा अंदाज आहे की उचलण्याची हमी? छोट्या कारखान्याने पूर्ण वर्षाची हमी सहसा देऊ नये, आणि नुसता अंदाज म्हणून हात झटकले तर सप्लायर तीन हजारांचा लॉट लावणार नाही. मधला मार्ग असा की, हमी वर्षाला न देता पुढे सरकणाऱ्या खिडक्यांना द्यायची.

दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तुम्ही पुढच्या सहा महिन्यांचं शेड्युल पाठवता. त्यातला पहिला महिना पक्का. तो माल उचलायचाच, आकडा बदलायचा तर सप्लायरची संमती हवी. त्यापुढचे काही महिने 'बनवायला परवानगी'चे. या काळातले नग सप्लायर कापू शकतो. तुम्ही आकडा कमी-जास्त करू शकता, पण तोवर खरोखर कापून झालेला माल तुमचा. त्याच्यापुढचे दोन महिने 'बार घ्यायला परवानगी'चे. इथे तुमची जबाबदारी फक्त कच्च्या मालाची, तीही तो बार दुसऱ्या कामात वापरता येत नसेल तरच. त्याच्यापलीकडे जे काही आहे तो अंदाज, आणि त्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

बनवायची खिडकी किती महिन्यांची ठेवायची? लॉट तीन महिन्यांचा, तेव्हा पक्का महिना धरून तीन महिने, असं पटकन वाटतं. इथेच चूक होते. ३,००० नगांच्या लॉटला सेटिंगसकट १५६ तास लागतात, म्हणजे आठ तासांच्या जवळजवळ वीस पाळ्या. चौथ्या महिन्याचा माल वेळेवर द्यायचा तर दुसरा लॉट तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीलाच मशीनवर चढायला हवा. त्या दिवशी खिडकी तीन महिन्यांची असेल तर परवानगी पाचव्या महिन्यापर्यंतची, एकूण ५,००० नगांची. आणि लॉट पूर्ण झाला की एकूण होणार ६,०००. शेवटचे हजार नग परवानगीबाहेर. सप्लायर एक तर धोका पत्करून कापतो किंवा लॉट दोन हजारांचा करतो आणि दराचं गणित बिघडतं. म्हणून खिडकी लॉटएवढी अधिक तो बनवायला लागणाऱ्या वेळेएवढी हवी. इथे ती चार महिन्यांची: एक पक्का, तीन बनवायचे, आणि त्यापुढचे दोन बारचे.

एवढं झालं की काम उद्या थांबलं तर जास्तीत जास्त काय गळ्यात पडेल हे तुम्ही पीओवर सही करण्याआधीच सांगू शकता. चार हजार नग आणि दोन हजार नगांचा बार. हा आकडा झेपत नसेल तर दर घासत बसण्यापेक्षा लॉट छोटा करून घ्या आणि ३.३६ मिनिटांचा दर मान्य करा. तो दर वाईट नाही.

खिडक्यांचा खरा उपयोग मागणी पडते तेव्हा कळतो. आपला बुश सुरळीत चालला आहे आणि सातव्या महिन्यापासून मागणी निम्मी, महिन्याला ५०० होणार आहे. हे तुम्हाला पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला कळलं आणि त्याच शेड्युलमध्ये तुम्ही ते दाखवलं. तिसरा लॉट चढायचा आहे सहाव्या महिन्यात, म्हणजे अजून काहीच कापलेलं नाही. सातव्या, आठव्या आणि नवव्या महिन्यासाठी ३,००० ऐवजी १,५०० लागणार, तेव्हा सप्लायर लॉट दीड हजाराचा लावतो. त्याचं नुकसान किती? सेटिंगचे ६ तास त्याला ३,००० नगांतून वसूल व्हायचे होते, आता अर्धेच वसूल होतात. उरले ३ तास. तेवढ्या मशीनच्या वेळेचे पैसे त्याला द्या, वाद मिटला.

हीच बातमी तुम्ही सातव्या महिन्यात दिलीत तर? तोवर ३,००० बुश कापून, तेल लावून, पिशव्यांत बंद होऊन रॅकवर गेले आहेत, १५६ तास आणि बारचे पैसे खर्च झाले आहेत. महिन्याला ५०० च्या वेगाने ते संपायला सहा महिने लागतील. ते सगळे तुमचे, त्यात वाद नको. मात्र सप्लायरने तीनच महिने सांभाळायचं कबूल केलं होतं. म्हणून पीओत एक ओळ हवी: तयार झालेला माल जास्तीत जास्त इतके दिवस सप्लायरकडे राहील, त्यानंतर तो उचलायचा किंवा त्याचे पैसे द्यायचे. आपल्या उदाहरणात १२० दिवस ठीक.

या दुसऱ्या प्रसंगात वर्षअखेरीस एकूण उचल भरते ९,०००. इथे सप्लायर 'बिल-बॅक' काढतो: १२,००० चा दर दिला होता, उचलले ९,०००, तेव्हा सगळ्या नगांना वरच्या स्लॅबचा दर लावा आणि फरक भरा. पुष्कळ जण ते मुकाट भरतात. पण त्याने लॉट तर तीन-तीन हजारांचेच लावले, आणि प्रत्येक सेटिंग ठरल्याप्रमाणे वसूल झाली. ज्या गणितावर दर उभा होता ते मोडलेलंच नाही. माल जास्त दिवस सांभाळल्याचे पैसे तो मागू शकतो, दराच्या फरकाचे नाही. बिल-बॅकचं कलम पीओत घालायचंच असेल तर ते एकूण उचलीवर न लावता, ठरल्यापेक्षा लहान लावाव्या लागलेल्या लॉटवर लावा. सप्लायर समजूतदार असला तर पाच मिनिटांत मान्य करतो, कारण तो स्वतःही मनात हिशेब सेटिंगचाच करत असतो.

आता रिलीजकडे येऊ. रिलीज हा छोटा कागद असतो आणि त्यात दर पुन्हा लिहायची गरज नाही. पीओ नंबर, रिलीजचा क्रमांक, पार्ट नंबर आणि ड्रॉइंगची रिव्हिजन, तारीख, या वेळचे नग, आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा: पीओ सुरू झाल्यापासून आजवर मागवलेले एकूण नग. हा एकूण आकडा, म्हणजे क्युम्युलेटिव्ह, लिहायचा राहिला की दोन-तीन महिन्यांत हिशेब असा गुंततो की सोडवायला अख्खा दिवस जातो.

सहाव्या महिन्याचं उदाहरण घ्या. तुम्हाला महिनाअखेर एकूण ६,००० नग हवे आहेत. तुमच्या वहीत आजवर पास झालेले ४,७५० दिसतात. सप्लायरच्या वहीत पाठवलेले ५,२५०. फरक ५०० चा. त्यातले २५० गाडीत आहेत, आणि २५० तुम्ही रिजेक्ट करून परत पाठवले आहेत. एकूण आकडा न पाहता 'आमच्याकडे ४,७५० आले, ६,००० हवेत, १,२५० पाठवा' असा रिलीज काढला तर गाडीतले २५० दोनदा मागवले जातात. उलट, सप्लायरने रिजेक्शन आपल्या वहीतून वजा केलं नाही, तर तो ७५० च पाठवून शेड्युल पूर्ण झालं म्हणेल. दोन्ही वह्या एकाच नियमाने चालल्या पाहिजेत: परत गेलेला नग कधी पाठवलाच नव्हता असं धरायचं. मग सप्लायरचा आकडा ५,००० होतो, तुमचा पास अधिक गाडीतला मिळूनही ५,०००, आणि बाकी राहतात नेमके १,०००. महिन्यातून एकदा हे दोन आकडे फोनवर जुळवून घेतले की पुरतं.

रिलीजचे नग पॅकिंगच्या पटीत काढा. बॉक्स २५० चा असेल तर ९०० किंवा १,०७० मागवू नका. सप्लायर एक तर बॉक्स फोडतो किंवा जवळचा आकडा पाठवतो, आणि वर जुळवलेला हिशेब पुन्हा सुटतो.

मोठ्या लॉटचा आणखी एक तोटा दरात दिसत नाही. सुट्या ऑर्डरमध्ये चूक झाली तर २५० नग बाद होतात. इथे बोअर, म्हणजे बुशचं आतलं भोक, एका शतांश मिलिमीटरने मोठं झालं तर ते ३,००० नगांत असू शकतं, आणि तुमच्याकडे ते तिसऱ्या महिन्यात उघडकीला येतं. तोवर दोन हजार तुमच्या यंत्रांत बसलेले असतात. म्हणून तपासणी माल येतो तेव्हा नाही, लॉट कापला जातो तेव्हा व्हायला हवी. पहिला नग मंजूर करून घ्यावा. लॉट चालू असताना सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही नग बाजूला काढून मोजमापांसह मागवावेत. शेवटचे जास्त महत्त्वाचे, कारण टूल झिजत गेल्याचा परिणाम तिथे दिसतो. प्रत्येक बॉक्सवर लॉट नंबर असला की काही निघालंच तर कुठला माल थांबवायचा ते कळतं. स्टीलचा माल महिनोन्‌महिने पडून राहणार असतो, तेव्हा गंजरोधक तेल आणि बंद पिशवी हे पीओतच लिहा. बाहेरून कोरा दिसणारा बॉक्स उघडल्यावर बोअरमध्ये तांबूस थर निघणं ही ब्लँकेट पीओवरच्या मालाची नेहमीची तक्रार आहे.

ड्रॉइंग बदलण्याचंही तसंच. रिव्हिजन बदलायची झाली तर नवं ड्रॉइंग पाठवण्याआधी सप्लायरला विचारा: जुन्या रिव्हिजनचे तयार किती, मशीनवर किती, बार किती कापलेला. मग बदल कुठल्या क्युम्युलेटिव्ह नगापासून लागू होईल ते ठरवा. '६,००० पर्यंत जुनी, ६,००१ पासून नवी' असं लिहिलं की भंगार शून्यावर येऊ शकतं. नुसती तारीख लिहिली तर रॅकवरचा माल हमखास अडकतो.

दर वर्षभर गोठवायचा की नाही, यावर जास्त डोकं घालवायची गरज नाही. दराचे दोन तुकडे करा. मशीनचा वाटा वर्षभर स्थिर, बारचा वाटा तिमाहीने बदलेल. त्यासाठी सुरुवातीचा बारचा भाव आणि तो कुठल्या जाहीर भावपत्रकातून घेतला ते पीओत नोंदवा. बार दराच्या ४० टक्के असेल आणि भाव १० टक्क्यांनी चढला तर दर ४ टक्के वाढेल, १० नाही. बारच्या भावातली ५ टक्क्यांच्या आतली हालचाल दोघांनी सोडून द्यावी. आणि नवा दर रिलीजच्या तारखेवर लावू नका. ज्या लॉटसाठी महाग बार खरोखर घेतला त्या लॉटपासून लावा. नाहीतर तीन महिन्यांपूर्वी स्वस्त बारमधून कापलेले, रॅकवर बसलेले बुशही नव्या दराने येतात. भाव उतरतो तेव्हा हाच नियम सप्लायरला वाचवतो, म्हणून त्यालाही तो पटतो.

ज्या पार्टचं ड्रॉइंग अजून दर महिन्याला हलतंय, किंवा जो एका महिन्यात १०० तर दुसऱ्या महिन्यात २,००० लागतो, तो या पद्धतीत घालू नये. तिथे खिडकीतला प्रत्येक आकडा खोटा ठरतो आणि सप्लायर शेड्युलकडे पाहणंच सोडतो. शेड्युल एकदा असं दुर्लक्षित झालं की बाकीच्या पार्टचंही कुणी वाचत नाही.

पीओ संपताना काय करायचं, हे सुरुवातीलाच ठरवून ठेवा. मुदत आणि एकूण नग, यातलं जे आधी संपेल तिथे पीओ बंद. नग आधी संपत आले तर सॉफ्टवेअर रिलीज अडवतं आणि तुमची लाइन थांबते. मुदत आधी संपली तर जुन्याच दराने रिलीज निघत राहतात, आणि मग बिल अडतं. शेवटचा लॉट दहाव्या महिन्यासाठीचा, म्हणजे तो नवव्याच्या सुरुवातीला मशीनवर चढतो. त्याआधी, आठव्या महिन्यात, पुढच्या वर्षी हाच बुश लागणार का, याचं उत्तर सप्लायरला लेखी द्या. लागणार असेल तर पुढच्या पीओचा आकडा त्याच शेड्युलमध्ये जोडा. नसेल, किंवा अजून ठरलं नसेल, तर शेवटचा लॉट वर्षअखेरपर्यंत लागतील तेवढेच नग धरून लावायला सांगा आणि न वसूल झालेल्या सेटिंगचे तास देऊन टाका. खिडक्या मात्र त्या महिन्यापासून वर्षअखेरच्या पुढे सरकू देऊ नका. शेड्युलमध्ये तेराव्या महिन्याच्या रकान्यात सवयीने १,००० हा आकडा राहून गेला, तर सप्लायरसाठी ती नवी परवानगीच असते.